दगडू, केरू आणि नकुसा

आमच्या गटाच्या हजेरीपटावर एक दगडाबाई आहेत. परवा शहरातून आलेल्या एका ताईंनी ते नाव वाचलं आणि हळूच मला विचारलं, "घरचे यांचा राग करत होते का हो?" म्हणून आज या नावांचा इतिहास.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या देशात जन्मलेल्या पाच बाळांपैकी साधारण एक बाळ वर्षाच्या आत जायचं. देवी, हगवण, धनुर्वात, आणि दवाखाना नाही. एकामागून एक मुलं गेली की आईला वाटायचं, कुणाची तरी नजर आहे. मग पुढच्या बाळाला मुद्दाम टाकाऊ ठरवायचं. त्याला घटकाभर उकिरड्यावर ठेवायचं आणि शेजारणीनं उचलून आणून द्यायचं, किंवा सुपात घालून मूठभर धान्याला तिला "विकायचं". नाव ठेवायचं केरू, उकिरडा, भिकू, दगडू. केराला कोण नेणार? दगडाला काय होणार?

अर्थात प्रत्येक धोंडूमागे असं दुःख नसतं. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. त्यात जन्मला म्हणूनही धोंडू.

ही युक्ती आपलीच नाही. तेलुगूत पेंट म्हणजे उकिरडा. त्यावरून पेंटय्या, पेंटम्मा. तमिळमध्ये कुप्पै म्हणजे केर, त्यावरून कुप्पुस्वामी, कुप्पम्मा. चीनच्या खेड्यांत तर मुलाला लाडानं "कुत्र्याचं उष्टं" अशा अर्थाचं नाव असायचं. परक्याला शिवी वाटेल, पण त्यात आईचा जीव अडकलेला.

एक नाव मात्र मला टोचतं. नथू. मुलगा जगावा म्हणून त्याचं नाक टोचून नथ घालायचे, म्हणजे नेणाऱ्याला ती मुलगी वाटावी. मुलीला कोण नेईल, असा त्यामागचा हिशोब. केर, दगड आणि मुलगी एकाच रांगेत!

म्हणून नकुसा हे नाव या यादीत बसत नाही. दगडू म्हणताना आई मनात म्हणते, हे बाळ राहू दे. नकुसा म्हणजे नकोशी. अशी मुलगी बहुधा दुसरी-तिसरी असते आणि नावातलं मागणं तिच्यासाठी नसतंच, पुढच्या मुलासाठी असतं. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींना समारंभात नवी नावं मिळाली, प्रमाणपत्रांसह. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली.

ते ऐकून मी आमच्या दगडाबाईंना विचारलं, "मावशी, तुमचंही बदलायचं का?"

त्या म्हणाल्या, "माझ्या आधीची तीन गेली बघ. या नावानं मी राहिले. ते कशाला बदलू? तू सही कुठं करायची ते दाखव."