डिलिस्टिंग (शेअर बाजार)
'''डिलिस्टिंग''' म्हणजे कंपनीचे समभाग शेअर बाजाराच्या सूचीतून काढून घेणे. भारतातील ऐच्छिक डिलिस्टिंगच्या एका पद्धतीत भागधारक आपापला विक्रीभाव बोलीतून कळवतात आणि प्रवर्तकांचा हिस्सा ९० टक्क्यांवर पोहोचेल असा भाव त्यातून ठरतो. तो नाकारण्याचा अधिकार प्रवर्तकांना असतो. घोषणेनंतर चढ्या भावाच्या अपेक्षेने खरेदी होते. त्यामुळे उलाढाल आणि किंमत सहसा वाढतात. प्रस्ताव फसल्यास हा आधार नाहीसा होतो.

वेदांत कंपनीच्या प्रवर्तकांनी मे २०२० मध्ये प्रतिसमभाग ८७.५० रुपयांचा प्रस्ताव मांडला. ऑक्टोबरमध्ये आवश्यक १३४.१२ कोटी समभागांऐवजी १२५.४७ कोटींच्याच निश्चित बोली आल्या. त्यानंतरच्या पहिल्या व्यवहारदिवशी, १२ ऑक्टोबरला, मुंबई शेअर बाजारात भाव सुमारे एक-पंचमांशाने घसरला.