आपट्याचं पान आणि ट्राम नंबर ८

दादा-वहिनी स्वित्झर्लंडमधल्या बासलला असतात. पुतण्या आठ वर्षांचा, पुतणी पाचची. दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी वहिनीचा फोन. "भाऊजी, यंदा दसरा तुम्ही समजावून सांगा बुवा. माझं 'चांगल्याचा वाईटावर विजय' सुरू झालं की दोघंही उठून जातात."

पोरांची चूक नाही. दसऱ्यात रावण आहे, देवी आहे, पांडवांची शस्त्रं आहेत, सरस्वती आहे आणि वर झेंडूचे हार. सगळं एकदम सांगायला गेलं की काहीच पोचत नाही. म्हणून मी एकच गोष्ट घ्यायची ठरवली : आपण एकमेकांना पानं देऊन 'सोनं घ्या' का म्हणतो? आणि हातात वस्तूही एकच, आपट्याचं पान.

पहिली अडचण म्हणजे पान तिकडे न्यायचं कसं. २०२० पासून स्वित्झर्लंडने युरोपबाहेरून येणाऱ्या झाडापानांना आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचं केलंय, त्यामुळे पाकिटात चार पानं टाकून पाठवणं बाद. मग कागदाचं करायचं. वीतभर चौकोनी कागद मधोमध दुमडायचा आणि घडी डाव्या हाताला ठेवायची. घडीच्या खालच्या टोकापासून पेन्सिल उजवीकडे गोल फिरवत वर न्यायची, आणि उतरताना घडीच्या वरच्या टोकाला न येता तिथून एक तृतीयांश खाली यायचं. मग कापायचं आणि उघडायचं, की दोन पाकळ्यांचं पान तयार. पुतणीने पहिल्यांदा घडीच्या उलट्या बाजूने कापलं, तर दोन सुटे तुकडे हातात आले. घडी शाबूत राहिली तरच पान होतं, हे तिला तिथेच कळलं. आणि ते बरंच झालं, कारण माझी सगळी गोष्ट त्या घडीवरच उभी होती.

मी इकडून कॅमेऱ्यासमोर खरं पान धरलं. म्हटलं, ही मधली रेघ म्हणजे सीमा. एका बाजूला आपलं गाव, दुसऱ्या बाजूला बाहेरचं जग. पूर्वी आपल्याकडे चार महिने इतका पाऊस पडायचा की कुणी रेघ ओलांडायचंच नाही. नद्यांना पूर, रस्त्यांचा चिखल, घोडे आणि बैलगाड्या रुतायच्या. सैन्यातली पुष्कळ माणसं मुळात शेतकरी, ती पेरणीला घरी परतलेली असायची. दसरा येतो आश्विनात, म्हणजे पाऊस संपतो तेव्हा. पाणी उतरलेलं, वाटा वाळलेल्या, घोड्यांना गवत भरपूर. मग गावाची वेस ओलांडून पलीकडे जायचं आणि मोहिमेला निघायचं. ह्यालाच सीमोल्लंघन म्हणतात. १६७६ साली शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोठ्या मोहिमेवर निघाले तेही दसऱ्याच्याच सुमारास.

सीमोल्लंघन हा शब्द पाच वर्षांच्या तोंडात बसणार नव्हता, पण 'रेघ ओलांडणे' लगेच बसलं. मी राहतो दापोडीत. इथे मुळा नदीवर हॅरिस पूल आहे. अलीकडे पिंपरी-चिंचवड, पलीकडे बोपोडी, म्हणजे पुणे. हापिसला जाताना मी रोज सीमोल्लंघन करतो, सोनं मात्र महिन्याच्या शेवटीच मिळतं :) पोरांकडे तर माझ्याहून भारी रेघ आहे. बासलमध्ये तीन देश एकमेकांना चिकटतात, आणि २०१४ पासून ८ नंबरची ट्राम थेट जर्मनीतल्या वाइल अम ऱ्हाइनला जाते.

आता सोनं. इथे मी रघु राजाची गोष्ट सांगितली. कौत्स नावाच्या विद्यार्थ्याला गुरुदक्षिणा म्हणून चौदा कोटी सुवर्णमुद्रा द्यायच्या होत्या. तो रघूकडे मागायला आला, पण राजाने नुकतंच यज्ञात सगळं दान केलेलं, पाहुण्यापुढे ठेवायला मातीचं भांडंच उरलेलं. तेव्हा रघूने थेट कुबेरावर स्वारी करायचं ठरवलं. कुबेराने घाबरून रात्रीत सोन्याचा पाऊस पाडला. कौत्स चौदा कोटींवर एक नाणं घेईना, आणि राजा उरलेलं परत ठेवेना. मग उरलेलं सोनं लोकांनी लुटलं. पाऊस पडला होता आपट्याच्या झाडावर, म्हणून ते झाड सोन्याचं.

मोठ्यांसाठी एक टीप. कालिदासाच्या 'रघुवंशा'त ही गोष्ट पाचव्या सर्गात आहे, पण तिथे सोनं पडतं ते राजाच्या कोषागारात. झाड नाही, दसरा नाही, लोकांनी लुटणंही नाही. म्हणजे 'आपट्यावर पडलं' हा भाग कालिदासाचा नव्हे, गोष्ट सणाला जोडताना मिळालेला. मला हे बिलकुल खटकत नाही. सण आधीच होता, त्याला कारण मागून आलं, असंच मला वाटतं.

पुतण्या मात्र लुटण्यापाशी अडला. "काका, सैनिक परत आले की खरं सोनं आणायचे?"

"कधी कधी आणायचे."

"ते कुणाचं असायचं?"

दादा मागून हातवारे करत होता, विषय बदल म्हणून. मी नाही बदलला. साधे शब्द वापरायचे ठीक, पण साधं करताना खोटं कशाला करायचं? मी म्हटलं, दुसऱ्या राज्यातल्या लोकांचं. १६६४ आणि १६७० मध्ये आपल्या सैन्याने सुरत शहर लुटलं, तिथे व्यापाऱ्यांची घरं होती. महाराजांना किल्ले आणि सैन्य उभं करायला पैसा हवा होता. व्यापाऱ्यांना अर्थातच तो द्यायचा नव्हता. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "मग पान बरं. पान कुणाचंच नसतं."

तेही पूर्ण खरं नाही म्हणा. दसऱ्याला फांद्याच्या फांद्या ओरबाडून बाजारात येतात, आणि आपटा म्हणून बरेचदा कांचनच गळ्यात मारतात. ओळखायचं सोपं आहे. आपट्याचं पान लहान, दोन-तीन बोटं रुंद. लांबीपेक्षा रुंदी जास्त, जाडसर, खालून करडं. कांचनाचं तळहाताएवढं आणि पातळ. दोघं एकाच कुळातले, त्यामुळे दुभंगलेला आकार सारखाच.

आणि त्या कुळाच्या नावातच गंमत आहे. शास्त्रीय नाव बाउहिनिया. ते दोन भावांवरून ठेवलंय, योहान आणि गास्पार बाउहिन. दोघंही वनस्पतिशास्त्रज्ञ, म्हणून एका पानाच्या दोन पाकळ्या. आणि हे दोघे कुठले? बासलचे! गास्पार तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक होता आणि १५८९ साली तिथलं वनस्पती उद्यान त्यानेच सुरू केलं.

हे ऐकून दादाही खुर्ची ओढून पुढे आला. दसऱ्याच्या दिवशी चौघं कागदाची पानं घेऊन ८ नंबरने वाइलला गेले, रेघ ओलांडून एकमेकांना सोनं दिलं आणि आइस्क्रीम खाऊन परतले. फोटो आलाय. थोरल्याने एका पाकळीवर योहान आणि दुसरीवर गास्पार लिहिलंय, आणि धाकटीने गास्पार खोडून स्वतःचं नाव घातलंय.