सहा भावांचे हलते स्टिकर

एकाच पात्राचे सहा वेगळे भाव दाखवणारा, संदेशांच्या ॲपमध्ये वापरायचा छोट्या हलत्या चित्रांचा संच. सहा भावांची प्रचलित यादी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांची: आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. नाट्यशास्त्रातल्या आठ स्थायिभावांतून रती आणि उत्साह वगळले, तर जवळपास हेच सहा उरतात.

पात्र जितके साधे तितके बरे. उदाहरणार्थ वांगे: भरीव अंग, मोठे डोळे, जाड भुवया, तोंड आणि डोक्यावर देठ. खरा अभिनय देठच करते. चॅटमध्ये चित्र लहान दिसते. ओठांची बारीक मुरड तिथे हरवते, पण लवलेले किंवा ताठ झालेले देठ लगेच नजरेत भरते.

घोळ होतो तो भीती आणि आश्चर्य यांत, कारण दोन्हींत डोळे विस्फारतात आणि भुवया चढतात. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांना एकमन आणि फ्रीसन यांनी चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली, तेव्हाही (१९७१ चा निबंध) याच दोहोंत गल्लत झाली होती. स्टिकर हलत असल्याने हा फरक हालचालीवर सोपवता येतो. आश्चर्याचे वांगे एकदाच उसळते, तोंडाचा ‘आ’ होतो आणि ते तसेच थिजते. भीतीचे वांगे मागे सरकून आक्रसते, भुवया एकमेकींकडे ओढल्या जातात आणि थरथर थांबत नाही. राग आणि किळस यांचेही तसेच: रागात अंग पुढे झुकते, किळसेत तोंड दुसरीकडे वळते.

व्हॉट्सॲपसाठी चित्र ५१२ × ५१२ पिक्सेलचे, पारदर्शक पार्श्वभूमीचे आणि वेबपी स्वरूपातले लागते. फाइल ५०० केबीच्या आत आणि हालचाल १० सेकंदांच्या आत हवी. प्रत्यक्षात दोन सेकंद पुरतात. सेकंदाला १२ फ्रेम धरल्या तर २४ चित्रे होतात. ती जोडण्याची आज्ञा अशी:

```
img2webp -loop 0 -lossy -q 60 -d 83 raag*.png -o raag.webp
```

`-d 83` म्हणजे प्रत्येक फ्रेम ८३ मिलिसेकंद. थिजलेल्या क्षणासाठी तेच चित्र सात वेळा जोडण्यापेक्षा एकाच फ्रेमला ६०० मिलिसेकंद द्यावेत. फाइल फुगली तर आधी छटा आणि सावल्या काढाव्यात. सपाट रंग कमी जागा घेतात. गडद थीमवर जांभळे वांगे दिसेनासे होते, म्हणून भोवती सुमारे ८ पिक्सेलची पांढरी कड ठेवतात. पहिल्या फ्रेममध्येच भाव स्पष्ट हवा, कारण हालचाल न चालताही स्टिकर ओळखता आला पाहिजे.

परीक्षा सोपी आहे: चित्र ९६ पिक्सेलपर्यंत लहान करून, नाव न सांगता कुणालाही दाखवावे. ‘घाबरलंय की दचकलंय?’ असा उलट प्रश्न आला, तर भुवया कोरत न बसता हालचाल बदलावी. संचात किमान तीन स्टिकर लागतात, तेव्हा सहा सहज चालतात. मात्र हलत्या संचात स्थिर चित्र मिसळता येत नाही.