बैल गेला, मग झोपा केला: 12 मार्च 2024

दुपारी 1.30, लंडन

ऑफिसमध्ये डबा उघडला तेव्हा समोरच्या पडद्यावर न्यूयॉर्कचा शेअरबाजार सुरू झाला होता. एरवी तो आमच्याकडे अडीचला सुरू होतो. अमेरिकेची घड्याळं रविवारीच, 10 मार्चला, एक तास पुढे गेली होती. ब्रिटनची 31 मार्चला जाणार होती. म्हणजे तीन आठवडे दोन्ही शहरांत पाच नव्हे, चार तासांचं अंतर. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यात किती अंतर असतं ते रात्री कळलं.

दुपारी 4.05

आईचा पुण्याहून फोन. "तुमच्याकडची घड्याळं कधी बदलणार रे?" तिला साडेपाच तासांचं गणित नको असतं, साडेचार तिला सोयीचं. "अजून एकोणीस दिवस, आई," मी म्हणालो. फोन ठेवताना भाड्याच्या सर्व्हरवर चालणाऱ्या माझ्या रोबोची आठवणसुद्धा झाली नाही.

चलनांचे सौदे करणारा हा रोबो मी स्वतः लिहिलेला. खातं 6200 पौंडांचं. (भारतात राहून परदेशी दलालाकडे असले सौदे करायला परवानगी नाही. मी इथला रहिवासी.) न्यूयॉर्कची दुपार सरली की बाजार सुस्तावतो, भाव एका अरुंद पट्ट्यात खालीवर करतो. भाव पट्ट्याच्या वर गेला की विकायचं आणि मध्यावर आला की बाहेर पडायचं, एवढीच त्याची अक्कल. जोडी पौंड आणि न्यूझीलंड डॉलर, `GBPNZD`. एका सौद्याला 0.5 लॉट, म्हणजे एका पिपला सुमारे 2.40 पौंड. स्टॉप-लॉस 35 पिपांवर.

रोलओव्हरची भीती मला होतीच. चलनबाजाराचा दिवस न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाचला संपतो. त्या क्षणी प्रत्येक सौद्याची पूर्ततेची तारीख एक दिवस पुढे ढकलली जाते, बँकांच्या यंत्रणा दिवसाचे हिशेब मिटवतात आणि भाव देणारे बरेचजण काही मिनिटांसाठी बाजूला होतात. उरलेले मोजके लोक जोखमीपोटी खरेदी-विक्रीच्या भावात मोठी फट ठेवतात. या जोडीचा एरवीचा 3 पिपांचा स्प्रेड तेव्हा सहज 40 च्या वर जातो. म्हणून मी पहारा बसवला होता: रात्री 9.55 ते 10.30 नवा सौदा नाही, आणि 9.55 ला असलेले सौदे बंद. न्यूयॉर्कचे पाच म्हणजे लंडनचे दहा. चार महिने एकदाही चुकलं नव्हतं. चुकणार कसं? नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत अंतर पाचच तासांचं होतं.

सोमवारी वाचलो, कारण त्या रात्री एकही सौदा उघडा नव्हता.

रात्री 8.40

रोबोने दहा मिनिटांत तीनदा विक्री केली. मी भांडी घासत होतो.

रात्री 8.59

दलालाने दोन मिनिटांसाठी सौदे थांबवले. हे रोजचंच. त्याचं सर्व्हरचं घड्याळ न्यूयॉर्कच्या पाचला बरोबर मध्यरात्र दाखवतं. माझा पहारा मात्र लंडनचं घड्याळ बघत बसला होता, आणि त्याच्या हिशेबी अजून तासभर अवकाश होता.

रात्री 9.01

थांबल्यानंतरचा पहिला भाव आला तो विचित्रच. बिड वीसेक पिप खाली, आस्क चाळीसच्या वर. बाजार कुठेच गेला नव्हता, दार तेवढं दोन्ही बाजूंनी उघडलं होतं. पण विकलेला सौदा बंद होतो तो परत विकत घेऊन, म्हणजे आस्क भावाने, आणि त्याचा स्टॉपही आस्कनेच पेटतो. तिन्ही स्टॉप एकदम लागले. स्टॉप लागल्यावर जो भाव हाती असेल तो मिळतो, त्यामुळे 35 ऐवजी सरासरी 44 पिपांचा फटका. 317 पौंड गेले.

दुसऱ्या दिवशी चार्ट उघडला तर तिथे हा भाव नावालाही नव्हता. चार्ट बिडचा असतो. त्या मिनिटाची मेणबत्ती उलट खाली गेलेली, विकणाऱ्याला फायदा व्हावा अशी! "दलालाने लुटलं" ही ओरड बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. मीही तसा मेल लिहिला होता, पाठवला नाही. आस्कची टिक-नोंद उतरवून घेतली तेव्हा सगळं दिसलं.

रात्री 9.02 ते 9.09

इथवर झालेलं नुकसान सोसण्यासारखं होतं. खरं दिवाळं काढलं ते माझ्याच शहाणपणाने. रोबोचा इशारा पंधरा मिनिटांच्या पूर्ण झालेल्या मेणबत्तीवरून ठरायचा. पावणेनऊ ते नऊची मेणबत्ती "विका" म्हणत होती आणि सव्वानऊपर्यंत तेच म्हणणार होती. तिन्ही जागा रिकाम्या झालेल्या. दर मिनिटाला एक प्रयत्न करण्याची मुभा होती. नोंदवहीत पुढचं असं उमटलं:

```
00:02:00  sell 0.50 GBPNZD  spread 46.2
00:02:01  modify failed: 10016 Invalid stops
00:02:01  close 0.50 GBPNZD  -46.2
```

सौदा आधी उघडायचा आणि स्टॉप मागून लावायचा, अशी माझी पद्धत. स्टॉप विक्रीच्या भावापासून 35 पिप वर, पण आस्क आधीच 46 पिप वर. दलालाच्या यंत्रणेने तो नाकारला, आणि तिचं बरोबरच होतं. मग माझा सुरक्षेचा नियम जागा झाला: स्टॉप लागत नसेल तर सौदा ताबडतोब बंद. बंद झाला, अख्खा स्प्रेड भरून. पुढच्या मिनिटाला इशारा तोच, जागा रिकामी, पुन्हा विक्री. असे आठ फेरे, सरासरी 41 पिप. बाजार जागचा हलला नाही आणि 787 पौंड गेले. दिवसाच्या तोट्याची मर्यादा होती, पण ती तपासली जायची नव्या मेणबत्तीला, म्हणजे सव्वानऊला.

रात्री 9.10

स्प्रेड 31 वर आला, नवव्या सौद्याचा स्टॉप स्वीकारला गेला आणि फेरा आपोआप तुटला. तोवर फोन इतक्यांदा वाजला होता की बायको म्हणाली, "अहो, बघा तरी काय आहे ते." रोबो बंद केला. शेवटचा सौदा दहा मिनिटांनी, स्प्रेड आवरल्यावर, हाताने मिटवला. आणखी 41 पौंड. एकूण 1145.

रात्री 9.55

सर्व्हरच्या नोंदवहीत एक ओळ: पहारा सुरू. पहाऱ्याचा कोड वेगळा चालायचा, तो बंद करायचं राहिलं होतं. म्हण अक्षरशः खरी होताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

पुढचे दिवस

पहारा न्यूयॉर्कच्या घड्याळाला बांधला. तासांची वजाबाकी कुठेही नाही:

```python
ny = datetime.now(ZoneInfo("America/New_York"))
m = ny.hour * 60 + ny.minute
guard = 16*60 + 50 <= m < 17*60 + 45
```

याहून मोलाची दुरुस्ती दुसरी. सौदा करण्याआधी त्या क्षणीचा स्प्रेड बघायचा, आणि तो स्टॉपच्या अंतराच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त असेल तर हात आखडायचा. घड्याळ चुकलं तरी ही अट चुकत नाही. स्टॉप नाकारला गेला की सौदा मिटवून तासभर गप्प बसायचं.

एका मित्राने सुचवलं, रोलओव्हरपुरते स्टॉप काढूनच ठेव. ते मी केलं नाही. जपानमध्ये 3 जानेवारी 2019 ची सुट्टीची सकाळ असताना, न्यूयॉर्कच्या पाचनंतर साधारण अर्ध्या तासाने, डॉलरचा भाव काही मिनिटांत 109 येनच्या आसपासवरून 105 च्या खाली गेला होता. तिथे नुसती फट रुंदावली नव्हती, भाव खरंच पडला होता. डॉलर धरून बसलेल्याला त्या रात्री स्टॉपशिवाय कोण वाचवणार? म्हणून पहाऱ्याची वेळ पावणेसहापर्यंत नेली, आणि सौदे आधीच मिटवायचे हा नियम कायम ठेवला.

28 ऑक्टोबर 2024

ब्रिटनची घड्याळं आदल्या दिवशी मागे गेली, अमेरिकेची 3 नोव्हेंबरला जाणार होती. पुन्हा चार तासांचा आठवडा. 8.50 ला पहारा सुरू झाल्याची ओळ आली. नऊनंतर स्प्रेड 39 ला जाऊन परतला. खाली एकही सौदा नव्हता.