तांबड्या पेशीचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली कसा मोजतात?

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘मायक्रोसायटिक’ असे लिहिले असेल, तर तांबड्या पेशी नेहमीपेक्षा लहान आहेत. हा अंदाज सूक्ष्मदर्शकातूनही घेता येतो.

भिंगातून दिसणाऱ्या गोल भागाचा व्यास आधी काढतात. नेत्रभिंगावर २० हा आकडा असेल आणि वस्तुभिंग १०० पट असेल, तर २० भागिले १०० म्हणजे ०.२ मिलिमीटर, म्हणजेच २०० मायक्रॉन. मग या व्यासावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती पेशी बसतात ते मोजायचे. २७ बसल्या, तर प्रत्येकीचा व्यास सुमारे ७.४ मायक्रॉन, म्हणजे नेहमीसारखा. ३२ बसल्या, तर सुमारे ६.३ मायक्रॉन, म्हणजे पेशी लहान.

मात्र पेशींमध्ये फटी राहिल्या तर मोजणी कमी होते आणि पेशी आहे त्यापेक्षा मोठी वाटते. पेशी एकमेकींवर चढल्या तर उलटे घडते. म्हणून काचपट्टीवर पेशी जेमतेम टेकलेल्या असतील तीच जागा निवडतात आणि यंत्राने दिलेल्या एमसीव्हीशी ताडून पाहतात.

लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया मायनर, दोन्हींत पेशी लहान असतात. त्यामुळे केवळ आकारावरून लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. डॉक्टरांकडून फेरिटिन तपासून घ्या.