रेझ्युमे नव्याने लिहून घेताना : सुरतच्या डाइंग मिलमधून वेर्ण्याच्या औषध कारखान्याकडे

रेझ्युमे दुसऱ्याकडून लिहून घेण्याचा प्रघात आता गोव्यातही रुळला आहे. कोणी पैसे घेऊन हे काम करणाऱ्या लेखकाकडे जातो, कोणी कंपनीत मनुष्यबळ विभागात असलेल्या मावसभावाला गळ घालतो. दोन्हीकडे विनंती बहुधा एकाच ओळीची असते : ‘जुना रेझ्युमे पाठवला आहे, जरा चांगला करून द्या.’ अशा विनंतीवर जे हाती येते ते दिसायला देखणे असते आणि मुलाखतीत अडचणीत आणते, कारण लिहिणाऱ्याला जे सांगितले गेले नाही ते त्याने आपल्या कल्पनेने भरलेले असते. म्हणून विनंतीसोबत चार गोष्टी द्याव्या लागतात : सध्याचा रेझ्युमे, हवे असलेले पद, लांबी आणि भाषेचा सूर. यांतल्या पहिल्या दोन गोष्टींना खरा वेळ लागतो.

समजण्याच्या सोयीसाठी एक कल्पित पण अगदी संभवनीय उदाहरण घेऊ. सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. नंदुरबार, अमळनेर, जळगाव या गावांना सुरत–भुसावळ लोहमार्गाने जोडल्यामुळे हे स्थलांतर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. अशाच घरातील, रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेला एक तरुण पांडेसरा औद्योगिक वसाहतीतील डाइंग मिलच्या प्रयोगशाळेत चार वर्षे काम करतो आहे. गोव्यात, वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण विभागात कनिष्ठ रसायनतज्ज्ञाची जागा निघाली आहे. त्याला तिथे अर्ज करायचा आहे.

त्याचा सध्याचा रेझ्युमे महाविद्यालयातून बाहेर पडताना सायबर कॅफेत टंकलेला. वरच्या अर्ध्या पानावर जन्मतारीख, वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि छंद. आपल्याकडे ‘बायोडाटा’ हा एकच शब्द लग्नालाही चालतो आणि नोकरीलाही, त्याचा हा परिणाम. चार वर्षांच्या कामाविषयी मात्र दीड ओळ : प्रयोगशाळेत काम केले, स्पेक्ट्रोफोटोमीटरचा अनुभव, जबाबदारीने काम पार पाडले.

हा रेझ्युमे जसा आहे तसाच द्यावा, आधी स्वतः डागडुजी करू नये. द्यायची ती वर्डची फाइल द्यावी. कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो दिला तर लिहिणारा ते पुन्हा टंकतो आणि त्यात तारखा चुकतात. त्यासोबत एक साधा कागद जोडावा, ज्यावर रेझ्युमेत नसलेली माहिती असेल. हा कागद म्हणजे या कामाचा खरा कच्चा माल होय. कोणत्या शैलीत लिहिला आहे याला महत्त्व नाही, मराठीत लिहिला तरी चालेल.

या कागदावर सर्वांत आधी नोकरीच्या तारखा आणि मालकाचे नाव. पुष्कळ कारखान्यांप्रमाणे सुरतच्या मिलांतही माणूस मिलमध्ये राबतो आणि पगार कंत्राटदाराच्या नावाने येतो. रेझ्युमेवर मिलचे नाव लिहिले जाते. नवा मालक पूर्वीच्या नोकऱ्यांची पडताळणी करतो तेव्हा भविष्य निर्वाह निधीच्या सेवा-इतिहासात कंत्राटदाराचे नाव निघते आणि रुजू व सोडण्याच्या तारखाही वेगळ्या दिसतात. खोटेपणाचा हेतू नसतानाही शंका उभी राहते. म्हणून आपल्या यूएएन खात्यात जाऊन आस्थापनेचे नाव आणि तारखा पाहून त्या जशाच्या तशा उतरवाव्यात, आणि ‘अमुक कंत्राटदारामार्फत अमुक मिलमध्ये’ अशी नोंद रेझ्युमेत यावी असे स्पष्ट सांगावे. उतरवून द्यायचे ते फक्त नाव आणि तारखा. खात्याचा पासवर्ड, आधार, पॅन, बँकेचा तपशील किंवा पगारपत्रक यांपैकी कशाचीही रेझ्युमे लिहिणाऱ्याला गरज नसते आणि मागितले तरी देऊ नये.

त्यानंतर रोजचे काम. इथे आपला तरुण लिहितो : ग्राहकाने पाठवलेल्या कापडाच्या तुकड्याशी रंग जुळवण्यासाठी रोज पंधरा-वीस लॅब डिप करतो. एक टक्क्याची रंगद्रावणे स्वतः तयार करतो, म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम रंग. पॉलिएस्टरसाठी डिस्पर्स रंग, ॲसेटिक आम्लाने सामू साडेचार ते पाचच्या आसपास आणून 130 अंश सेल्सिअसला रंगवणे. धुण्यातला आणि घासण्यातला पक्केपणा तपासून ग्रे स्केलवर एक ते पाच अशी श्रेणी देणे. सामूमापक दर सकाळी दोन प्रमाण द्रावणांवर जुळवून घेणे आणि तशी नोंद वहीत करणे. शेवटचे वाक्य त्याला स्वतःला क्षुल्लक वाटते. औषध कारखान्याच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे आहे. तिथे केलेले प्रत्येक काम त्याच वेळी, सही-तारखेसह नोंदवणे हा कामाचाच भाग मानला जातो आणि नोंद नसलेले काम झालेच नाही असे धरतात.

आता हवे असलेले पद. नुसते ‘फार्मात नोकरी’ असे लिहून भागत नाही. ज्या जाहिरातीला उत्तर द्यायचे ती जाहिरात पूर्ण द्यावी आणि तिच्यातील प्रत्येक मागणीपुढे स्वतःच्या हाताने तीनपैकी एक शब्द लिहावा : केले, पाहिले, नाही. आपल्या उदाहरणात द्रावणे तयार करणे, अनुमापन, सामूमापन आणि नोंदी यांपुढे ‘केले’ येते. अनुमापन त्याने मिलमध्ये क्षारता तपासताना केले आहे. एचपीएलसी यंत्रापुढे ‘पाहिले’, कारण महाविद्यालयाच्या भेटीत ते दाखवले गेले होते. औषधनिर्मितीच्या जीएमपी नियमांखाली काम करण्यापुढे ‘नाही’.

आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर? इथेच सर्वांत फसवी जागा आहे. कपड्याच्या रंगशाळेतील स्पेक्ट्रोफोटोमीटर कापडावरून परावर्तित होणारा प्रकाश मोजतो आणि दोन छटांतील फरक आकड्यात सांगतो. औषधाच्या प्रयोगशाळेतील यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर द्रावणातून पार जाणाऱ्या प्रकाशावरून शोषण मोजतो आणि त्यावरून द्रावणात औषध किती आहे ते काढतात. नाव एक, काम वेगळे. रसायनशास्त्र न जाणणारा लेखक जुन्या रेझ्युमेतील शब्द जाहिरातीतील शब्दाशी जुळला म्हणून आनंदाने ‘स्पेक्ट्रोफोटोमीटर हाताळण्यात निपुण’ असे ठळक अक्षरात लिहील. मुलाखतीत पहिलाच प्रश्न क्युव्हेटविषयी किंवा प्रमाण वक्राविषयी येईल आणि उमेदवाराने तो चार वर्षांत काढलेलाच नसेल. त्या क्षणी बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. म्हणून कागदावर स्पष्ट लिहावे : ‘परावर्तनावर चालणारा, कापडाच्या रंगासाठीचा. शोषणाचा फक्त महाविद्यालयीन प्रयोगात वापरला आहे.’ तराजूचेही तसेच. मिलमध्ये ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन घेणे पुरते, औषध प्रयोगशाळेचा तराजू ग्रॅमच्या दहा-हजाराव्या भागापर्यंत मोजतो. कोणता वापरला ते सांगितलेले बरे.

आकड्यांविषयी थोडे. रेझ्युमे लिहिणारे हल्ली आकडे मागतात आणि ते योग्यच आहे, पण आकडा कोणाच्या कामामुळे बदलला हे पाहायला हवे. समजा मिलमध्ये पूर्वी 100 लॉटपैकी नऊ लॉट पुन्हा रंगवावे लागत आणि आता सहा लागतात. त्याच वर्षी मिलने नवी जेट यंत्रे बसवली असतील, तर हे श्रेय प्रयोगशाळेच्या एका सहायकाने स्वतःकडे घेणे टिकणारे नाही. त्याऐवजी जे निर्विवाद त्याचे आहे ते घ्यावे : दिवसाला किती लॅब डिप, पहिल्याच प्रयत्नात किती मंजूर, आणि हे कोणत्या वहीत पाहायला मिळते. वहीत नसलेला आकडा रेझ्युमेत नको, ही अट विनंतीतच घालावी.

लांबीचा प्रश्न लवकर सुटतो. चार वर्षांच्या अनुभवाला ए-फोर आकाराचे एक पान पुरते, फार तर दीड. अकरा पॉइंटच्या अक्षरात एका पानावर साधारण चारशे ते साडेचारशे शब्द वाचनीय बसतात. मर्यादा सांगताना ‘थोडक्यात’ न म्हणता पानांची संख्या सांगावी, आणि जागा कमी पडल्यास काय आधी गाळायचे तेही. आपल्या उदाहरणात छंद, वडिलांचे नाव, धर्म, दहावीचे विषयवार गुण ही सर्व वगळता येतील. गाळायचे नाही ते एक : ‘सध्या सुरत, गोव्यात स्थायिक होण्यास तयार, राजीनाम्यानंतर 30 दिवसांत रुजू होऊ शकतो.’ दूरच्या उमेदवाराबद्दल मालकाची पहिली शंका हीच असते, आणि ती वरच्या चार ओळींतच फिटावी. दोन रकान्यांची मांडणी आणि चौकटी नकोत असेही सांगून ठेवावे, कारण अर्ज संगणकाने वाचून घेणाऱ्या कंपन्यांत त्या चौकटींतील मजकूर पुष्कळदा उलटसुलट होतो.

सूर मात्र विशेषणांनी सांगता येत नाही. ‘प्रोफेशनल ठेवा’ याचा अर्थ प्रत्येक लेखक आपापला घेतो आणि मग ‘गतिमान, निष्ठावान, ध्येयवेडा’ अशी माळ येते. त्यापेक्षा एक नमुना द्यावा. ‘रंगजुळणीची जबाबदारी अत्यंत समर्थपणे पेलली’ असे नको. ‘रोज 15 ते 20 लॅब डिप तयार केले, सामूमापकाची दैनंदिन नोंद ठेवली’ असे हवे. शिवाय इंग्रजीची पातळीही स्वतःच्या बोलण्याला साजेशी असावी. मुलाखतीत साधे इंग्रजी बोलणाऱ्याच्या कागदावर अलंकारिक वाक्ये आली की हा कागद त्याचा नाही हे मुलाखत घेणाऱ्याला पहिल्या दोन मिनिटांतच कळते.

हे सर्व जमले की विनंती स्वतः पाच-सहा ओळींची होते. आपला तरुण ती अशी लिहील :

‘सोबत सध्याचा रेझ्युमे, कामाचा तपशील लिहिलेला कागद आणि जाहिरात जोडली आहे. पद : औषध कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण विभागात कनिष्ठ रसायनतज्ज्ञ, वेर्णा. जाहिरातीतील मागण्यांपुढे केले, पाहिले, नाही असे लिहिले आहे. “पाहिले” आणि “नाही” असलेली गोष्ट कौशल्यांत घालू नये. नोकरीच्या तारखा आणि कंत्राटदाराचे नाव कागदाप्रमाणेच ठेवावे. एक पान, एक रकाना, साधे इंग्रजी, विशेषणे नकोत. माहिती अपुरी वाटल्यास स्वतः न भरता मला प्रश्न विचारावेत. पहिला मसुदा रविवारपर्यंत आणि त्यानंतर एक दुरुस्ती अपेक्षित आहे.’

यातील ‘प्रश्न विचारावेत’ ही ओळ पैसे देऊन काम करून घेणाऱ्यांनी विशेष जपावी. एकही प्रश्न न विचारता दुसऱ्या दिवशी तयार रेझ्युमे पाठवणारा लेखक बहुधा ठरलेल्या साच्यात नाव बदलून देत असतो.

मसुदा हाती आल्यावर तो सेवा-इतिहासाशेजारी ठेवून आधी तारखा ताडून पाहाव्यात. मग प्रत्येक ओळ मोठ्याने वाचावी आणि तिच्यावर दोन मिनिटे बोलता येते का ते पाहावे. आपल्या तरुणाला ‘अनुमापनाद्वारे क्षारतेची तपासणी’ या ओळीवर बोलता येईल : कोणते आम्ल, कोणता दर्शक, रंग कोणत्या क्षणी बदलतो. जिथे जीभ अडखळते ती ओळ लेखकाकडे परत पाठवावी, आणि दुरुस्तीची एकच फेरी ठरलेली असल्याने अशा सर्व ओळी एकत्र करूनच पाठवाव्यात.