घोडेस्वाराची तलवार वाकडी, पायदळाची सरळ? मग रघुजी भोसल्यांची तलवार सरळ का होती?

ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजीराजे भोसले यांची तलवार लंडनहून मुंबईत आली. एप्रिलमध्ये तिथल्या लिलावात ती राज्य सरकारने सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली होती. तिचे फोटो आणि रील्स तुम्हीही पाहिले असतील. त्यातला एखादा फोटो पुन्हा उघडून पातं नीट पाहा. सिनेमात आणि कॅलेंडरवर दिसते तशी चंद्रकोरीसारखी वाकलेली ही तलवार नाही. तिचं पातं सरळ आहे. धारही एकाच बाजूला आहे.

इथेच गोंधळ सुरू होतो. तलवारींबद्दल एक वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं : वाकडी, एकधारी तलवार घोडेस्वारासाठी आणि सरळ, दुधारी तलवार पायदळासाठी. रघुजी तर बंगालपर्यंत घोडदळ घेऊन गेलेले सेनापती. मग त्यांच्या तलवारीचं पातं सरळ का?

ते वाक्य चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर आधी तलवार कापते कशी, ते पाहावं लागेल.

विळी आणि टोमॅटो

पिकलेल्या टोमॅटोवर सुरी ठेवून नुसती दाबली तर तो चेपतो. तीच सुरी थोडी ओढली की साल लगेच फाटते. धार दाबण्यापेक्षा ओढल्यावर जास्त कापते. आपल्या विळीचं पातं बाकदार असतं, त्यामुळे भाजी पुढे ढकलली की ती आपोआप धारेवरून घसरत जाते. ओढण्याची वेगळी क्रिया करावी लागत नाही. गवत कापायचा विळाही याच कारणाने वाकडा असतो.

वाकड्या तलवारीचं तत्त्वही हेच आहे. वार बसतो तेव्हा धार समोरच्या वस्तूला तिरकी भिडते आणि तिच्यावरून सरकत जाते. सरळ तलवारीने असा वार करता येतो, पण त्यासाठी हात मुद्दाम मागे ओढावा लागतो. वाकड्या पात्यात ते काम आकारच करतो.

एकाच बाजूला धार असण्याचाही फायदा आहे. दुसरी बाजू, म्हणजे पात्याची पाठ, जाड ठेवता येते. त्यामुळे धारेची बाजू पातळ केली तरी पातं सहजासहजी वाकत किंवा मोडत नाही. घरातल्या सुरीची पाठही याचसाठी जाड असते.

घोड्यावरून मिळतो पाव सेकंद

आता घोडेस्वाराची अडचण पाहू. भरधाव घोडा ताशी ४० किलोमीटरच्या आसपास धावतो असं धरलं, तर तो एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जातो. हात आणि तलवार मिळून स्वाराची पोहोच साधारण दीड मीटर. म्हणजे वाटेत उभा असलेला शत्रू त्याच्या टप्प्यात येऊन बाहेर जाईपर्यंत जेमतेम तीन मीटरचं अंतर मिळतं. वेळेच्या हिशेबात हा पाव सेकंद झाला.

एवढ्या वेळात त्याने तलवारीचं टोक शत्रूच्या अंगात खुपसलं, तर ते परत काढायला वेळच उरत नाही. घोडा पुढे जातो, तलवार मागे अडकते. मग तलवार हातातून सुटते, मनगट मुरगळतं किंवा स्वारच खाली ओढला जातो. वाकड्या तलवारीने काप घेतला तर पातं लागतं, घोड्याच्या वेगानेच घसरतं आणि मोकळं होतं. स्वार लगेच पुढच्या वाराला तयार असतो.

म्हणूनच मध्य आशियातल्या घोड्यावर जगणाऱ्या लोकांमध्ये वाकडी तलवार रुजली. पुढे तुर्क, इराणी आणि मुघल फौजांबरोबर ती भारतात पसरली. आपल्याकडच्या वाकड्या तलवारीची मूठही याच वाराला साजेशी आहे. मुठीच्या खालच्या टोकाला एक गोल चकती असते आणि पकड आखूड असते. हातात घेतली तर मनगट फार वाकवता येत नाही, चकती टोचते. त्यामुळे वार मनगटातून न होता खांद्यातून आणि कोपरातून होतो. असा वार ओढूनच बसतो.

पायदळात हात फिरवायला जागा नसते

पायी लढणाऱ्याला घोड्याचा वेग मिळत नाही. तो रांगेत असेल तर दोन्ही बाजूंना त्याचेच सोबती खेटून उभे असतात. अशा वेळी तलवार गरगर फिरवली तर आधी शेजाऱ्यालाच लागेल. वार करायला हात उचलला की काखही उघडी पडते.

रोमन पायदळाने यावर शोधलेला उपाय प्रसिद्ध आहे. त्यांची ग्लॅडियस ही तलवार सरळ, दुधारी आणि आखूड होती. पातं साधारण दीड ते सव्वादोन फुटांचं. सैनिक मोठ्या ढालीआड उभा राहायचा आणि संधी मिळताच टोक पुढे खुपसायचा. सरळ पात्याचं टोक मुठीच्या थेट रेषेत असतं. त्यामुळे हात जिथे रोखला, तिथेच टोक जातं. वाकड्या पात्याचं टोक या रेषेतून बाजूला गेलेलं असतं. त्याने भोसकता येतं, पण नेम अवघड होतो.

दुसऱ्या धारेचा उपयोगही जवळच्या लढाईत होतो. एक वार चुकला तर मूठ न फिरवता उलट्या धारेने परतीचा वार करता येतो.

इथपर्यंत ते प्रसिद्ध वाक्य बरोबर वाटतं. पण दोन उदाहरणं आडवी येतात. पहिलं रोमनांचंच. त्यांचे घोडेस्वार स्पाथा नावाची तलवार वापरायचे. ती ग्लॅडियसपेक्षा लांब होती, पण सरळच होती. घोड्यावरून खाली उभ्या माणसापर्यंत पोहोचायला आधी लांबी हवी, हा त्यामागचा साधा हिशेब.

दुसरं उदाहरण आपल्या खंड्याचं. खंडा सरळ आणि रुंद असतो, टोकाकडे आणखी पसरट होतो. बऱ्याच खंड्यांचं टोक इतकं बोथट असतं की त्याने भोसकताच येत नाही. पुढच्या बाजूला वजन असल्यामुळे तो कुऱ्हाडीसारखा जोरात बसतो. मुठीच्या मागे निघालेल्या दांडीला दुसरा हात लावून दोन्ही हातांनीही वार करता येतो. म्हणजे तलवार सरळ आहे म्हणून ती भोसकण्यासाठीच असेल, असंही नाही.

मग रघुजींची तलवार?

तिच्या पात्यावर मुठीजवळ देवनागरीत सोन्याने नाव कोरलेलं आहे आणि त्यात ‘फिरंग’ हा शब्दही आहे. फिरंग किंवा फिरंगी म्हणजे युरोपातून आलेलं पातं बसवलेली तलवार. पोर्तुगीज आणि नंतर इतर युरोपीय व्यापाऱ्यांकडून अशी पाती भारतात येत होती. इथले कारागीर त्यांना इथल्या पद्धतीची मूठ जोडायचे. मराठ्यांना ही पाती फार आवडली. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली ‘जगदंबा’ तलवार १८७५-७६ च्या भारत दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरहून भेट देण्यात आली होती. तिचं पातंही सरळ आणि युरोपीय बनावटीचं आहे.

घोड्यावरच्या मराठ्यांना सरळ पात्याचा काय उपयोग? पहिला फायदा पोहोचीचा. तेवढ्याच लोखंडातून सरळ पातं जास्त लांबवर पोहोचतं, कारण वाकड्या पात्याची काही लांबी बाकातच जाते. दुसरा फायदा चिलखताशी जोडलेला आहे. लोखंडी कड्यांच्या चिलखतावर काप घेणारा वार बहुतेक वेळा घसरून जातो. अरुंद, ताठ टोक मात्र कड्यांमध्ये घुसू शकतं. मोठा घोडेस्वार समोरून चिलखत घालून आला तर लांब आणि सरळ पातं कामी येतं.

याची किंमतही होती. ते टोक अडकण्याची भीती कायम राहते. इंग्रजांनी १९०८ मध्ये घोडदळासाठी संपूर्ण भोसकण्याची सरळ तलवार काढली, तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न सोडवावा लागला. त्यावरचा उपाय म्हणजे हात भाल्यासारखा ताठ पुढे धरायचा, टोक लागल्यावर घोडा पुढे जाऊ द्यायचा आणि हात सैल सोडून मागे वळवत तलवार ओढून घ्यायची. हे सरावाशिवाय जमत नाही. त्यापूर्वी जवळपास शतकभर इंग्रज अधिकारी काप चांगला की भोसकणं चांगलं, यावर वाद घालत होते.

त्या वादातला एक हैदराबादी पुरावा

या वादात कॅप्टन लुई नोलन यांनी १८५३ साली छापलेल्या घोडदळावरच्या पुस्तकात एक अनुभव दिला आहे. हेच नोलन पुढच्या वर्षी बालाक्लाव्हाच्या लढाईत मारले गेले. भारतात असताना निजामाच्या घोडेस्वारांची एका चकमकीतली कामगिरी त्यांच्या कानावर आली. त्यांच्या वारांनी माणसांचे हात आणि मुंडकी धडावेगळी झाली होती. इंग्रज घोडदळाला असे वार जमत नव्हते. ही काही खास तलवार असणार, असं समजून नोलन चौकशीला गेले.

तिथे त्यांना दिसलं ते इंग्रज घोडदळातूनच बाद झालेलं जुनं पातं. निजामाच्या स्वारांनी त्याला आपल्या पद्धतीची चपटी मूठ बसवली होती. मूठ चपटी असल्यामुळे धार हातात फिरत नव्हती आणि वार बरोबर धारेवरच बसत होता. पात्याला मुठीपासून टोकापर्यंत वस्तऱ्यासारखी धार होती. म्यान लाकडी होतं आणि लढाईशिवाय तलवार बाहेर काढली जात नव्हती. इंग्रज शिपायाची तलवार मात्र लोखंडी म्यानात खडखडत असायची आणि कवायतीत रोज आत-बाहेर व्हायची. तिची धार लढाईआधीच गेलेली असे. वार करायला कसं शिकवता, या प्रश्नावर त्या स्वारांचं म्हणणं असं की वेगळं काही शिकवावं लागत नाही, धार असेल तर तलवार कोणाच्याही हातात कापते.

काप घेणाऱ्या तलवारीचा आकार कितीही चांगला असला, तरी धार बोथट झाली की ती लोखंडाची पट्टीच उरते. भोसकणाऱ्या तलवारीला हा फटका कमी बसतो, कारण तिचं काम टोकावर चालतं.

संग्रहालयात तलवार पाहताना

पुढच्या वेळी काचेमागे तलवार दिसली तर ती घोड्यावरची की पायदळाची, हे लगेच ठरवू नका. आधी टोक पाहा. ते मुठीच्या रेषेत आहे की बाजूला गेलंय, अणकुचीदार आहे की बोथट? मग पात्याची पाठ जाड आहे का आणि धार कुठून कुठपर्यंत आहे, ते पाहा. शेवटी मूठ पाहा : मनगट मोकळं राहील की चकतीने अडेल, दुसरा हात लावायला जागा आहे का? एवढ्यावरून ती काप घेण्यासाठी होती, घाव घालण्यासाठी होती की भोसकण्यासाठी, याचा बराच अंदाज येतो. मालक घोड्यावर होता की पायी, हे मात्र नुसत्या बाकावरून ठरत नाही. रघुजींचं सरळ पातं त्याचंच उदाहरण आहे.